प्रकल्प नोंदी: हिवाळी आरोग्य तपासणी पॅकेजचा मजकूर

३ नोव्हेंबर २०२५

नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे काम हातात आले आहे. दिवाळीचा फराळ संपला, वजनकाट्याकडे लोक पुन्हा बघायला लागले, तेव्हा हिवाळी पॅकेज काढायचे असे मालकांचे म्हणणे. एक पॅम्प्लेट, व्हॉट्सॲपवर पाठवायचा छोटा मजकूर, रिसेप्शनवर लावायची एक पाटी आणि रिपोर्टसोबत जाणारा संदेश, असे चार तुकडे लिहायचे आहेत.

गेल्या वर्षीचे पॅम्प्लेट दिले आहे. वर लाल अक्षरांत: ‘थंडीत हार्ट अटॅकचा धोका दुप्पट! तुमचे हृदय तयार आहे का?’ खाली: ‘७२ तपासण्या फक्त ₹१,४९९ मध्ये (मूळ किंमत ₹४,९९९). आजार होण्याआधीच ओळखा. इम्युनिटी वाढवा.’ आणि तळाशी मुंगीच्या अक्षरांत इंग्रजीत अटी.

त्या पानावरचे जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर घाबरवते किंवा लॅबच्या हातात नसलेले काहीतरी देऊ करते. रक्त तपासून इम्युनिटी कशी वाढणार? तपासणीने काहीच वाढत नाही, फार तर कळते.

मार्केटिंग बघणाऱ्या मालकांच्या चिरंजीवांना हे बोललो. ते म्हणाले, “दादा, भीती दाखवल्याशिवाय कोण सुई टोचून घेतो?” प्रश्न खरा आहे. उत्तर मजकुरातूनच द्यावे लागेल.

५ नोव्हेंबर

लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमसोबत बसलो. आधी ‘७२’ हा आकडा सोडवून घेतला, कारण सगळ्या पॅम्प्लेटचा डोलारा त्यावरच उभा आहे.

रक्तपेशींच्या मोजणीचे म्हणजे सीबीसीचे २४, लघवीच्या साध्या तपासणीचे १६, लिव्हरचे ११, लिपिडचे ८, किडनीचे ५, थायरॉइडचे ३, दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या एचबीए१सीचे २, उपाशीपोटीची साखर, व्हिटॅमिन डी आणि बी१२ प्रत्येकी एक. बेरीज ७२ येते. पण हे रिपोर्टवर छापून येणाऱ्या ओळींचे आकडे आहेत. तपासण्या म्हणाल तर दहा.

त्यातही गंमत आहे. सीबीसी बाजूला ठेवली तरी अकरा ओळी केवळ गणिताच्या आहेत. एकूण बिलिरुबिनमधून डायरेक्ट वजा केले की इनडायरेक्ट. एकूण प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन, मग त्या दोघांचे गुणोत्तर. या लॅबमध्ये एलडीएलसुद्धा सूत्रानेच काढतात, आणि व्हीएलडीएल म्हणजे ट्रायग्लिसराइड भागिले पाच. किडनीच्या भागात युरिया आणि बीयूएन असे दोन आकडे दिसतात; ते एकच मोजमाप आहे, बीयूएनला २.१४ ने गुणले की युरिया. एचबीए१सीच्या खाली छापलेली ‘सरासरी साखर’ हीसुद्धा सूत्रातून येते, तिच्यासाठी वेगळे रक्त लागत नाही. गिऱ्हाईक मात्र समजते की बहात्तर वेळा काहीतरी तपासले.

चिरंजीव म्हणाले, समोरची लॅब ८५ लिहिते. लिहू दे.

मॅडमनी यापुढचे सांगितले ते मला जास्त महत्त्वाचे वाटले. बहुतेक तपासण्यांची रेफरन्स रेंज कशी ठरते? निरोगी लोकांचा मोठा गट घेतात, त्यांचे आकडे मांडतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना रेंज म्हणतात. म्हणजे ठणठणीत माणसांपैकी पाच टक्के व्याख्येनेच रेंजच्या बाहेर. (साखर, कोलेस्टेरॉल यांच्या सीमा वेगळ्या पद्धतीने, आजाराच्या धोक्यावरून ठरवलेल्या असतात. पण सीबीसी, लिव्हर, टीएसएच बहुतांशी याच चालीचे.)

आता एका माणसाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर सगळ्याच रेंजमध्ये येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.३६. शंभर निरोगी माणसांपैकी चौसष्ट जणांच्या रिपोर्टवर किमान एक आकडा ठळक छापून येणार. ओळी जितक्या जास्त, ठळक आकडे तितके जास्त. घरी जाऊन माणूस तो ठळक आकडा गुगलवर टाकतो आणि रात्रभर जागतो.

म्हणजे ‘७२ तपासण्या’ ही ओळ मोठा दावाही करते आणि रिपोर्ट आल्यावर भीतीही निर्माण करते. दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच. ठरले: आकडा काढायचा.

६ नोव्हेंबर

सॅम्पल कलेक्शनच्या टेबलाशी थोडा वेळ उभा राहिलो. नमुने घेणाऱ्या दादांनी जांभळ्या झाकणाची नळी सीबीसी आणि एचबीए१सीसाठी भरली, राखाडी झाकणाची साखरेसाठी, आणि पिवळ्या झाकणाची बाकी सगळ्यासाठी. राखाडी नळीत फ्लोराइड असते. ते नसेल तर नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच ते सात टक्के साखर कमी भरते. तिन्ही नळ्या मिळून आठ ते दहा मिली रक्त, म्हणजे चहाचे जेमतेम दोन चमचे.

मथळा इथेच मिळाला: ‘तीन नळ्या रक्त, लघवीचा एक नमुना.’ आकड्याची हौसही भागते आणि खोटेही नाही. शिवाय सुईची धास्ती असलेल्यांचे निम्मे प्रश्न सुटतात. रिसेप्शनवरच्या ताईंनी सांगितले की “किती रक्त काढणार?” हा प्रश्न किमतीच्या खालोखाल विचारला जातो.

१० नोव्हेंबर

‘हिवाळी’ म्हणायचे तर हिवाळ्याचा संबंध दाखवता आला पाहिजे. एकेक दावा मॅडमपुढे ठेवला.

व्हिटॅमिन डी. ‘थंडीत ऊन कमी, म्हणून डी तपासा’ हे वाक्य युरोपातल्या लॅबला शोभेल. तिथे हिवाळ्यात सूर्य इतका तिरपा असतो की त्वचेत डी तयारच होत नाही म्हणावे. नाशिक २० अक्षांशावर आहे, जानेवारीतही दुपारचे ऊन पुरेसे. आपल्याकडे डीची कमतरता भरपूर आहे, पण ती घरात, ऑफिसात, अंग झाकून राहण्यामुळे, आणि बारा महिने. वर हार्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी प्रौढांची सरसकट डी तपासणी करू नये असेच सुचवले आहे. मॅडमचे मत स्पष्ट: डी मूळ पॅकेजमधून बाहेर काढा, हाडे दुखतात, डॉक्टरांनी सांगितले आहे, अशांसाठी वेगळी ठेवा. मालकांचा चेहरा पडला, कारण डीवर नफा चांगला. पण त्यांनी मान्य केले. हे मला अपेक्षित नव्हते.

बी१२ राहिले. शाकाहारी घरे भरपूर आहेत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये बी१२ कमी होते, हे पक्के. फक्त त्याचा हिवाळ्याशी काही संबंध नाही, तर जोडायचाही नाही.

थायरॉइडचे तीनवरून एक केले. टीएसएच आधी, तो रेंजबाहेर आला तरच टी४. नाहीतर तीन आकडे म्हणजे गोंधळाच्या तीन संधी.

मग हिवाळ्याचे खरे काय? रक्तदाब. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बऱ्याच जणांचा दाब उन्हाळ्यापेक्षा काही अंकांनी चढतो. बॉर्डरवर असलेला माणूस डिसेंबरात सीमा ओलांडू शकतो. अनेक देशांत हृदयविकाराचे झटके थंडीत जास्त नोंदवले जातात, हेही खरे. पण ‘दुप्पट’ हा आकडा कुठून आला ते गेल्या वर्षीचे पॅम्प्लेट लिहिणाऱ्यालाच माहीत. आणि पॅकेजमधली कुठलीही तपासणी ‘तुमचे हृदय तयार आहे का’ याचे उत्तर देत नाही. लिपिड प्रोफाइल पुढल्या काही वर्षांच्या धोक्याच्या हिशेबातला एक भाग सांगते, बस.

म्हणजे हिवाळ्याशी सगळ्यात घट्ट नाते असलेले मोजमाप रक्ताच्या नळीत नाहीच, ते दंडाच्या पट्ट्यात आहे. मी सुचवले की लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचा दाब मोजून कागदावर लिहून द्या, पैसे न घेता. मशीन धूळ खात पडलेलेच होते. मॅडमनी अटी घातल्या: पाच मिनिटे टेकून बसवायचे, अर्धा तास आधी चहा-सिगारेट नको, स्वेटरची बाही वर सारून चालणार नाही, दंड मोकळा हवा. थंडीत लोक दोन-दोन कपडे घालून येतात आणि वर सरकवलेली बाहीच दंड आवळते, आकडा चुकतो.

११ नोव्हेंबर

छोटी नोंद. चिरंजीवांनी ‘महिला विशेष’ पॅकेजमध्ये सीए-१२५ घालून ‘कॅन्सर स्क्रीनिंग’ लिहायचे सुचवले. मॅडमनी तिथेच थांबवले. हा मार्कर पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, पोटाच्या टीबीतसुद्धा वाढतो. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला: समजा हजार बायका तपासल्या, त्यांत एकीला खरोखर आजार आहे आणि तपासणी निरोगी बायकांत शंभरात दोनदा चुकते. तर वीस जणी विनाकारण सोनोग्राफीला आणि काळजीला लागतील, आणि ती एक सापडेल याची खात्री तरीही नाही. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, त्यांत रक्ताचा एकही मार्कर नाही. ‘स्क्रीनिंग’ हा शब्दच पॅम्प्लेटमधून गेला.

१४ नोव्हेंबर

घाबरवणाऱ्या आणि फुगवलेल्या ओळींची छाटणी. डावीकडे जुनी ओळ, उजवीकडे नवी, अशा पद्धतीने वही भरली. त्यातल्या ज्यांवर वाद झाला तेवढ्या लिहितो.

‘आजार होण्याआधीच ओळखा.’ हे अशक्य आहे. आजार नसेल तर ओळखणार काय? त्याऐवजी: ‘साखर, कोलेस्टेरॉल, किडनी यांतले काही बदल सुरुवातीला जाणवत नाहीत. ते आकड्यांत आधी दिसू शकतात.’ इथे ‘शकतात’ काढू नका असे मी अधोरेखित करून ठेवले आहे. डिझाइनर जागा कमी पडली की असेच शब्द आधी उडवतो.

‘संपूर्ण शरीराची तपासणी.’ डोळे, दात, फुप्फुसे, हाडे यांतले काहीच इथे तपासले जात नाही. नवी ओळ सरळ यादी देते: रक्तपेशी, साखर, चरबी, लिव्हर, किडनी, थायरॉइड, बी१२, लघवी.

‘रिपोर्ट नॉर्मल तर निश्चिंत राहा.’ ही ओळ वरवर प्रेमळ, पण मला सगळ्यांत धोकादायक वाटते. छातीत दुखणारा माणूस नॉर्मल लिपिड रिपोर्ट उशाशी ठेवून घरी बसला तर? नवी ओळ: ‘त्रास होत असेल तर पॅकेजची वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा. ही तपासणी त्रास नसलेल्यांसाठी आहे.’ चिरंजीव म्हणाले, ही तर गिऱ्हाईक परत पाठवायची ओळ झाली. मालक म्हणाले, राहू दे.

किमतीची खोडाखोड: ₹४,९९९ दराने हे पॅकेज कधी विकलेच नव्हते. दरपत्रकावरून नऊ तपासण्यांची सुट्टी बेरीज केली, ती ₹२,४५० आली. आता लिहिले आहे: ‘सुट्ट्या घेतल्यास ₹२,४५०. एकत्र ₹१,४९९.’ कोणी हिशेब मागितला तर रिसेप्शनवर दाखवता येतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचना आहेत, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. याच सूचनांत असेही आहे की दावा ज्या भाषेत, अटही त्याच भाषेत. म्हणजे वर मराठीत गर्जना आणि खाली इंग्रजीत पळवाट, हे चालत नाही. सगळ्या अटी मराठीत आणि वाचता येतील अशा अक्षरांत घेतल्या.

लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे चिन्हही वर मोठे टाकायचे होते. मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, ठरावीक तपासण्यांच्या यादीला मिळते. मॅडमनी यादी काढली, बी१२ त्यात नव्हते. चिन्ह तूर्त बाजूला ठेवले. वापरायचे तर कोणत्या तपासण्यांना लागू, हे शेजारी लिहूनच.

१८ नोव्हेंबर

रिपोर्टसोबत जाणारा संदेश. पॅम्प्लेटपेक्षा यावर जास्त वेळ गेला, कारण माणूस खरा घाबरतो तो इथे.

सध्याचे सॉफ्टवेअर एचबीए१सी ५.७ ते ६.४ आला की आपोआप लिहिते: ‘तुम्ही प्री-डायबेटिक आहात. त्वरित उपचार घ्या.’ मॅडमनी समजावण्यासाठी एक काल्पनिक रिपोर्ट मांडला. ३८ वर्षांची बाई, एचबीए१सी ६.१, उपाशीपोटीची साखर ९२, हिमोग्लोबिन ९.२, रक्तपेशींचा आकार लहान. साखर शंभराच्या आत, पण एचबीए१सी मात्र वर. कसे काय? एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेचे प्रमाण, मागच्या दोन-तीन महिन्यांचे. लोह कमी असले की पेशी जास्त काळ फिरत राहतात आणि त्यांना साखर चिकटायला जास्त वेळ मिळतो. म्हणून आकडा खोटाच वर दिसू शकतो. या बाईला आधी लोहाची कमतरता बघायला हवी. आपण तिला साखरेच्या नावाने घाबरवून पाठवणार, आणि खरे दुखणे दुसऱ्याच पानावर राहणार.

शिवाय लक्षणे नसलेल्या माणसात आकडा ६.५ च्या वर गेला तरी एका रिपोर्टवर मधुमेह म्हणत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात.

नवा संदेश असा: ‘तुमचा एचबीए१सी ६.१ आहे. ५.७ ते ६.४ या टप्प्यात पुढे मधुमेह होण्याची शक्यता वाढलेली असते, पण एका आकड्यावरून निदान होत नाही. तुमचे हिमोग्लोबिनही कमी आहे, त्याचा या आकड्यावर परिणाम होऊ शकतो. दोन्ही पाने एकत्र तुमच्या डॉक्टरांना दाखवा. घाई नाही, पण येत्या दोन आठवड्यांत जा.’

शेवटच्या वाक्यासाठी मी अडून बसलो होतो. ‘त्वरित’ म्हटले की माणूस रात्री फोन करतो; ‘सावकाश’ म्हटले की वर्षभर जात नाही. मुदत सांगितली की दोन्ही टळते. खरोखर धोक्याचे आकडे मात्र संदेशाने जाणार नाहीत. मॅडम स्वतः फोन करतात, तीच पद्धत ठेवली.

साधारण ठळक आकड्यांसाठी रिपोर्टच्या पहिल्या पानावर एक कायमची ओळ घेतली: ‘निरोगी माणसाचाही एखादा आकडा रेंजच्या थोडा बाहेर येऊ शकतो. किती बाहेर आहे आणि सोबतचे आकडे काय सांगतात, हे डॉक्टर बघतील.’

२१ नोव्हेंबर

तयारीच्या सूचना. जुन्या पॅम्प्लेटवर फक्त ‘उपाशीपोटी यावे’ होते. दादा आणि ताई यांच्याशी बोलून हे लिहिले: दहा तास काही खाऊ नका, पाणी प्या. पाणी न पिता आणि गार हातांनी आलात तर शीर सापडत नाही आणि दोनदा टोचावे लागते. थायरॉइडची गोळी नमुना दिल्यावर घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन उपाशीपोटी घेऊ नका. वेळ कशी बसवायची ते आधी आपल्या डॉक्टरांना विचारा आणि सकाळची पहिली वेळ मागून घ्या. केस-नखांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर सांगा, टीएसएचचा आकडा चुकू शकतो. शक्यतो दोन दिवस आधी बंद ठेवा.

आणि खास थंडीची सूचना, जी कुठल्याच पॅम्प्लेटवर मी पाहिली नाही: ‘सर्दी-ताप असेल तर बरे होऊन मग या.’ तापात पांढऱ्या पेशी वाढतात, साखर आणि चरबीचे आकडेही हलतात. हिवाळी तपासणीला अर्धे लोक नाक ओढत येतात, आणि मग ‘डब्ल्यूबीसी वाढली’ म्हणून फोन.

हुरडा पार्टीचाही उल्लेख घातला. आदल्या रात्रीच्या जेवणाने, त्यात दारू असेल तर नक्कीच, ट्रायग्लिसराइड चढते. ‘हुरडा आधी, तपासणी दोन दिवसांनी’ ही ओळ मालकांना इतकी आवडली की त्यांनी ती पाटीवर घ्यायला सांगितली.

२५ नोव्हेंबर

पॅम्प्लेटचा पुढचा भाग पक्का:

*हिवाळी आरोग्य तपासणी*
*तीन नळ्या रक्त, लघवीचा एक नमुना.*
*रक्तपेशी, उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिपिड, लिव्हर, किडनी, टीएसएच, बी१२ आणि लघवी, अशा ९ तपासण्या. थंडीत रक्तदाब थोडा चढतो, म्हणून तो लॅबमध्ये आल्यावर मोफत मोजून देऊ.*
*तिशी ओलांडली असेल आणि वर्षभरात तपासणी झाली नसेल, तर उपयोगी. नुकतीच झाली असेल, तर पुन्हा करायची गरज नाही. जुना रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.*
*ही तपासणी निदान करत नाही. तुमच्या डॉक्टरांना बोलायला आकडे देते.*
*सुट्ट्या घेतल्यास ₹२,४५०. एकत्र ₹१,४९९. ३१ जानेवारीपर्यंत.*

“पुन्हा करायची गरज नाही” यावर चिरंजीवांनी शेवटपर्यंत हरकत घेतली. ओळ राहिली, पण अक्षर एक नंबर लहान झाले. तेवढी तडजोड चालेल.

१ डिसेंबर

पॅम्प्लेटे वाटायला गेली. ताईंना सांगितले आहे की फोनवर येणारे प्रश्न वहीत जसेच्या तसे उतरवायचे. आजचे: “डी का नाही?”, “घरी आलात तर बीपी मोजाल का?”, “शेजारच्या लॅबमध्ये ८५ आहेत, तुमच्याकडे नऊच?” पहिल्या आणि तिसऱ्यासाठी दोन-दोन वाक्यांची उत्तरे लिहून दिली. दुसऱ्याला सध्या नाही म्हणायचे आहे. दादांकडे मशीन एकच, आणि पाच मिनिटे बसवून मोजायचे तर सकाळच्या फेरीतली घरे कमी करावी लागतील. मालकांशी बुधवारी बोलायचे.